रफार, वेलांटी आणि कॅपिटल पी

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं. मुदत संपली आणि नोव्हेंबरअखेर महापालिकेची पथकं दुकानांच्या पाट्या तपासत फिरू लागली. कायदा मात्र त्याआधीचा होता. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती केली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची सुटकेची वाट बंद झाली. दुरुस्तीचा गाभा सोपा आहे. नामफलकावर देवनागरी लिपीतलं मराठी नाव हवं, ते आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत.

त्या घाईच्या खुणा अजून दिसतात. एखाद्या कपड्याच्या दुकानाचं इंग्रजी नाव कुणा डिझायनरनं निगुतीनं आखलेलं असतं आणि त्याच्या डोक्यावर संगणकात जो मराठी फॉन्ट हाताशी होता त्यातलं नाव बसवलेलं असतं, तेही रुंदी भरावी म्हणून आडवं ताणून. ताणल्यामुळे उभे दंड जाड होतात, शिरोरेघ तेवढीच बारीक राहते आणि वेलांटी चेपते. काही ठिकाणी नेमकी उलटी हौस दिसते. मराठी अक्षरं इंग्रजीसारखी दिसावीत म्हणून 'ट'च्या जागी आरशातलं काहीतरी, 'व'च्या जागी इंग्रजी ए. अशी पाटी वाचायला गिऱ्हाईक दोनदा थांबतं, आणि दुसऱ्यांदा थांबतं ते कौतुकानं नव्हे.

दोन लिप्यांतली नावं ठरावीक अंतरानं, ठरावीक आकारात एकदाच बसवायची आणि पाटीपासून पिशवीपर्यंत ती जोडी मोडायची नाही, अशा बांधणीला डिझायनर लॉकअप म्हणतात. ही बांधणी कशी होते हे एका नावावर पाहू. समजा, समया, पणत्या, निरांजनं विकणारं एक दुकान आहे आणि त्याचं नाव आहे 'पौर्णिमा'. इंग्रजीत ते कॅपिटल पी आणि त्यापुढे ओ, यू, आर, एन, आय, एम, ए अशी सात लहान अक्षरं. अक्षरं जाड, साधी, सगळीकडे जवळपास एकाच जाडीची हवीत असं मालकाशी ठरलं आहे.

पहिला प्रश्न उंचीचा. इंग्रजीत उंचीच्या दोन मुख्य रेषा असतात. पी डोकं वर काढतो आणि बाकीची अक्षरं त्याच्या साधारण तीन चतुर्थांश उंचीवर थांबतात. देवनागरीत सगळी अक्षरं शिरोरेघेला लटकतात. शिरोरेघेपासून तळापर्यंतचा पट्टा सगळ्यांना सारखाच, आणि मात्रा, वेलांट्या, रफार हा संसार त्या रेघेच्या वर. मग मराठीची शिरोरेघ इंग्रजीच्या कुठल्या रेषेशी जुळवायची? लहान अक्षरांच्या माथ्याशी जुळवली तर मराठी नाव पोरकं दिसतं, कारण त्याच्या पोटात 'ण'सारखी गुंतागुंतीची अक्षरं असतात आणि ती लहान होऊन बुजतात. कॅपिटलपेक्षा बरीच वर नेली तर इंग्रजी तळटीप वाटते.

पॉपिन्स या बहुतेकांच्या पाहण्यातल्या फॉन्टनं याचं एक चांगलं उत्तर दिलं आहे. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी केली. त्यात देवनागरी अक्षराची उंची इंग्रजी एल, बी, डी यांच्या उंच दांड्याइतकी ठेवली आहे. इंग्रजी कॅपिटल त्याहून थोडी बुटकी आहेत आणि लहान अक्षरांची उंची मुद्दाम वाढवली आहे. म्हणजे मराठीला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि इंग्रजी लहान अक्षरं मोठी केल्यानं ती दबलीही नाहीत.

आपल्या 'पौर्णिमा'ची दोन नावं शेजारीशेजारी ठेवायची आहेत, मराठी डावीकडे. शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत १०० माप धरू. इथे पॉपिन्ससारखं पी किंचित बुटका, म्हणजे ९६ वर, ठेवून चालत नाही. शिरोरेघ आडवी धावत येते आणि तिच्या पुढ्यातच पीचा माथा चार मापं खाली दिसतो. एवढा बारीक फरक डोळ्याला हेतू वाटत नाही, चूक वाटते. म्हणून पीही बरोबर १०० वर आणायचा आणि लहान अक्षरं ७४ च्या आसपास ठेवायची. कायद्यालाही ते चालतं, कारण मराठी अक्षर लहान नसावं एवढीच त्याची अट आहे.

इथे दुकानदारांची एक फसगत होते. संगणकात दोन्ही नावांना १०० पॉइंट दिले की झालं, असं वाटतं. पॉइंटचा आकडा अक्षराची दिसणारी उंची सांगत नाही. त्यात वरच्या मात्रांसाठी आणि खालच्या उकारांसाठी राखलेली जागाही धरलेली असते, आणि ती प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी असते. एका फॉन्टमध्ये १०० पॉइंटची देवनागरी शेजारच्या इंग्रजी कॅपिटलपेक्षा उंच भरते, दुसऱ्यात चांगली बुटकी. तेव्हा शिरोरेघेपासून तळापर्यंत पट्टी लावून मोजावं आणि शेजारचं कॅपिटलही त्याच पट्टीनं मोजावं.

उंची जमली की जाडी. दोन्ही नावांचे उभे दंड एकाच जाडीचे ठेवले तर मराठी नाव जास्त काळं दिसतं. कारण उघड आहे. इंग्रजीत दोन अक्षरांच्या मध्ये वरून खालपर्यंत मोकळी पांढरी जागा असते, मराठीत ती जागा शिरोरेघ वरून झाकते आणि त्यावर पुन्हा मात्रा बसतात. म्हणून देवनागरी थोडी हलकी करावी लागते. इंग्रजीचा उभा दंड १६ मापांचा असेल तर मराठीचा १४ आणि शिरोरेघ १२, इथून सुरुवात करायची आणि मग नजरेनं ठरवायचं. पट्टीनं दोन्ही सारखे असणं हा इथला निकष नाही. चार पावलं मागं जाऊन डोळे किलकिले केले की अक्षरं विरघळतात आणि दोन करडे पट्टे उरतात. त्यातला एक जास्त गडद असेल तर जाडी अजून जुळलेली नाही.

आता खरी गंमत. 'प' नीट पाहा. डावीकडची रेघ खाली येते, तळाकडे वळते आणि उजव्या दंडाला जाऊन मिळते. इंग्रजी यू अगदी हेच करतो. 'ण'चा डावा भागही त्याच घराण्यातला. शिवाय वेलांटीची कमान आणि इंग्रजी एन, एम यांच्या कमानी यांचं नातंही सहज दिसतं. म्हणजे ही दोन नावं आपोआप एकमेकांना हाका मारत आहेत. डिझायनरनं त्या ऐकायच्या. यूचं वळण ज्या गोलाईनं घेतलं तीच गोलाई 'प' आणि 'ण'च्या तळाला द्यायची, आणि एनची कमान जितकी फुगीर तितकीच वेलांटी. इंग्रजी दंडाचा शेवट सरळ कापला असेल तर 'पौ'चा काना आणि 'मा'चा कानाही सरळच कापायचा. एवढं केलं की दोन्ही नावं एका हातची वाटू लागतात आणि तरीही 'प' हा 'प'च राहतो, यूसारखा होत नाही.

प्रत्येक नावात असं नातं मिळेलच असं नाही. ज्या नावात 'क्ष', 'ळ', 'झ' आहेत त्यात इंग्रजीशी जुळणारी वळणं शोधूनही सापडत नाहीत. तिथे जाडी, कापणी आणि मोकळी जागा एवढ्यावरच भागवावं, ओढूनताणून सोयरीक जोडू नये.

रुपयाचं चिन्ह हे नैसर्गिक नात्याचं सगळ्यांच्या खिशातलं उदाहरण. डी. उदय कुमार यांचं हे चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. देवनागरी 'र' आणि उभा दंड काढलेला इंग्रजी आर मुळातच एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून ते एका आकृतीत बसले आणि शिरोरेघ तिथे परकी वाटली नाही. हे यश पाहून अनेकांना प्रत्येक नावात तसं काही करावंसं वाटतं. सगळ्यात मोठा मोह म्हणजे मराठीची शिरोरेघ तशीच पुढे ओढून इंग्रजी अक्षरंही तिला लटकवायची. परदेशातल्या भारतीय उपाहारगृहांच्या पाट्यांवर समरकान नावाच्या फॉन्टची अशी अक्षरं वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. 'पौर्णिमा'च्या बाबतीत रेघ पीच्या माथ्यावरून पुढे गेली की ओ, यू आणि आर यांच्या वर २६ मापांची पोकळी उरते, आयचा ठिपका रेघेला जाऊन धडकतो आणि लांबून ते इंग्रजी वाचताच येत नाही. ज्याला मराठी येतं त्याला ते मराठी वाटत नाही, ज्याला येत नाही त्याला ते कळत नाही. रेघ 'मा'च्या कान्यापुढे किंचित बाहेर काढून तिथेच संपवावी.

शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन नावांमधलं अंतर अक्षराच्या निम्म्या उंचीएवढं, म्हणजे ५० मापांच्या आसपास, पुरतं. पुष्कळ इंग्रजी लॉकअपमध्ये दोन भागांच्या मध्ये एक बारीक उभी रेघ मारतात. देवनागरीशेजारी ती चालत नाही. 'पौर्णिमा'च्या पुढे उभी रेघ आली की ती आणखी एक काना वाटते किंवा पोथीतल्या ओळीअखेरचा दंड. विभागणी हवीच असेल तर जागा थोडी वाढवावी.

नावं एकाखाली एक ठेवायची तर गणित बदलतं. मराठीत तीन अक्षरगट, इंग्रजीत आठ अक्षरं. सारख्या उंचीला इंग्रजी नाव मराठीच्या साधारण दीडपट रुंद होतं. दोन्हीच्या कडा जुळवायच्या तर इंग्रजी दोन तृतीयांश करावं लागेल. पण नुसतं लहान केलं तर १६ मापांचा दंड ११ वर येतो आणि इंग्रजी किडकिडीत दिसतं. त्यामुळे लहान केल्यावर त्याची जाडी पुन्हा १३ पर्यंत वाढवायची. फॉन्टमध्ये दोनतीन वजनं असतील तर एक पायरी जाड वजन घेतलं की काम होतं, नसतील तर हातानं आखावं लागतं. या नावाला एक सोय आहे. मराठीत खाली उकार नाही, त्यामुळे दोन ओळी जवळ आणता येतात. 'गुरुकृपा' असतं तर उकार आणि ऋकार इंग्रजीच्या डोक्यात शिरले असते.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो 'र्णि'. पहिली वेलांटी डावीकडच्या दंडापासून निघते, 'ण'वरून कमान टाकते आणि 'ण'च्या दंडावर उतरते. रफारही नेमका त्याच दंडावर बसतो. दोघांना एकच जागा हवी. बऱ्या फॉन्टमध्ये वेलांटी आणि रफार यांचा एकत्र आकार तयार असतो आणि 'ण'च्या रुंदीनुसार वेलांटीच्या कमानीही लांबआखूड असतात. साध्या फॉन्टमध्ये एकच वेलांटी सगळ्यांना वापरतात, मग ती 'ण'च्या मध्येच हवेत थांबते आणि रफार तिच्यावर आदळतो. लोगोत हा भाग फॉन्टवर सोडू नये. कमान दंडापर्यंत नेऊन तिचा शेवट रफाराच्या सुरुवातीला मिळवायचा आणि रफाराचा वाकडा आकडा बाहेर स्पष्ट दिसेल इतका मोकळा ठेवायचा. 'पौ'च्या दोन मात्राही याच उंचीवर थांबल्या पाहिजेत. मग शिरोरेघेवरचं सगळं एका पातळीत येतं आणि इंग्रजी आयचा ठिपकाही त्याच्या जवळपास नेता येतो.

हे सगळं एका जाडीच्या अक्षरांबद्दल झालं. जाडबारीक रेघांची अक्षरं हवी असतील तर दोन लिप्यांचं भांडण आणखी जुनं आहे. इंग्रजी सुलेखनाची टाकाची टोकं आणि देवनागरीचा बोरू उलट दिशांनी कापलेले असतात. इंग्रजी ओमध्ये डावी वरची आणि उजवी खालची बाजू बारीक होते. 'ठ'च्या वर्तुळात नेमक्या याच दोन बाजू जाड होतात. म्हणून जाडबारीक इंग्रजी अक्षरांचा ताल तसाच्या तसा देवनागरीत उचलला तर अक्षरं आरशात पाहिल्यासारखी दिसतात, आणि मराठी वाचणाऱ्याला काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं. उपाय असा की जाड आणि बारीक रेघांमधलं प्रमाण दोन्हीकडे सारखं ठेवायचं आणि दिशा मात्र प्रत्येक लिपीची तिची तिला राहू द्यायची. हे करायला बोरू धरलेला हात लागतो. तो सगळ्यांकडे नसतो, म्हणूनच अलीकडचे बहुतेक द्विभाषिक लोगो एकाच जाडीच्या गोलसर अक्षरांत येतात आणि एकमेकांचे भाऊ वाटतात. नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक शीर्षकाला वेगळं अक्षर देणाऱ्या कमल शेडगे यांच्या महाराष्ट्रात ही गरिबी जरा खटकते.

संगणकावर काम करताना मराठीचा घात दोन ठिकाणी होतो. पहिला जोडाक्षरांचा. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसेल तर वेलांटी 'ण'च्या मागे जाऊन बसते आणि रफार सुटा पडतो. टाइप विभागाच्या प्रेफरन्सेसमध्ये `Show Indic Options` ही खूण करून मग परिच्छेदाला दक्षिण आशियाई जुळणी निवडावी लागते. अक्षरांच्या बाह्यरेषा करून टाकल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही, म्हणून ती आधीच पाहावी.

दुसरा घात अक्षरवळणाचा. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची वळणं ठरवून दिली आणि 'ल' व 'श' यांची मराठी रूपं त्यात आहेत. पण बऱ्याच फॉन्टमध्ये ठेवणीतलं रूप हिंदीचं असतं. मजकुराची भाषा मराठी निवडली की चांगला फॉन्ट आपोआप मराठी 'ल', 'श' देतो, नाहीतर ते हातानं बदलावे लागतात. 'ॲ' हेही तसंच. हिंदी पाट्यांवर एवर चंद्र देतात, मराठीत अवर. 'पौर्णिमा'त यांपैकी काही नाही, पण 'शीतल' किंवा 'ॲक्वा' अशा नावाच्या दुकानदारानं मंजुरी देण्याआधी ही अक्षरं बोट ठेवून पाहावीत.

कागदावर सुंदर दिसणारा लॉकअप पाटीवर चढतो तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. ॲक्रिलिकची अक्षरं कापून लावताना मराठीचा एक फायदा कळतो. शिरोरेघेमुळे 'पौर्णिमा' हा जवळपास एकसंध तुकडा निघतो, एक ओळंबा धरून लावला की झाला. इंग्रजीची आठ अक्षरं आणि आयचा ठिपका मिळून नऊ तुकडे, आणि प्रत्येकाचं अंतर साच्यावरूनच पाळावं लागतं. लावणाऱ्यानं अंदाजानं लावली तर आखलेलं सगळं वाया जातं. म्हणून पाटीवाल्याला नुसती फाइल देऊन भागत नाही. पूर्ण मापाचा कागदी साचा छापून द्यावा.

आतून दिवे लावलेल्या अक्षरांचा त्रास वेगळा. रात्री उजेड कडांबाहेर सांडतो आणि लहान पोकळ्या भरून जातात. पहिली बळी जाते ती वेलांटीची कमान आणि शिरोरेघ यांच्यामधली फट, मग 'म'ची गाठ. दिव्याच्या पाटीसाठी तीच बांधणी थोडी बारीक दंडांनी आणि वेलांटी जरा उंच उचलून वेगळी काढावी लागते. दिवसाच्या आणि रात्रीच्या फाइली वेगळ्या ठेवणारे डिझायनर आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

याच्या उलट टोकाला व्हिजिटिंग कार्ड आणि फोनच्या पडद्यावरचं चिमुकलं चित्र. संपूर्ण जोडी १५ मिलिमीटर रुंदीत छापून पाहावी. 'र्णि' काळा ठिपका झाला असेल तर त्या आकारासाठी जोडी वापरूच नये, नुसता 'पौ' घ्यावा किंवा नुसतं मराठी नाव. लॉकअप सगळीकडे कोंबायचा असतो असा समज आहे, तो चुकीचा. त्यामुळे चांगला डिझायनर शेजारीशेजारीची, एकाखाली एक, फक्त मराठी आणि फक्त इंग्रजी अशा चार फाइली देतो, आणि कुठली कुठे वापरायची हेही लिहून देतो.

आणखी एक तपासणी अगदी फुकट आहे. छापलेला लॉकअप उलटा धरावा. उलटा धरला की नाव वाचता येत नाही, त्यामुळे डोळा फक्त आकार आणि मोकळ्या जागा पाहतो. एखादी फट जास्त रुंद, एखादं अक्षर जास्त जड, तळाची रेघ डळमळीत, हे सगळं लगेच उघडं पडतं.

यातलं बरंचसं काम सोपं होतं ते दोन्ही लिप्या एकत्र आखलेल्या फॉन्टनी. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटाचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट असेच आहेत आणि ते मोफत मिळतात. मुक्त शांत आणि सरळ, बलू गुबगुबीत आणि खेळकर. त्यांतून सुरुवात करून 'र्णि'सारखा एखादा भाग हातानं सुधारला तरी लहान दुकानाचं काम नीट होतं. ज्यांचं इंग्रजी नाव आधीच ठरून गेलं आहे आणि बदलता येत नाही, त्यांना मात्र त्या इंग्रजीसाठी मराठी अक्षरं नव्यानं काढून घ्यावी लागतात, आणि ते वेळखाऊ, खर्चिक काम आहे. तेव्हा नवं दुकान काढणाऱ्यानं डिझायनरला पहिल्या दिवशीच दोन्ही लिप्यांतलं नाव लिहून द्यावं आणि पहिल्या कच्च्या आराखड्यात मराठी नसेल तर तो परत पाठवावा.